उपरण्याखालचा भाव

काष्टीचा किंवा घोडेगावचा जनावरांचा बाजार ज्यांनी जुन्या काळी पाहिला आहे, त्यांना एक दृश्य नक्की आठवत असेल. बैलजोडीपाशी दोन माणसे उभी आहेत आणि एकाच्या खांद्यावरचे उपरणे दोघांच्या हातांवर टाकलेले आहे. तोंडाने कोणी काही बोलत नाही. उपरण्याखाली बोटे दाबली जातात, सोडली जातात, पुन्हा दाबली जातात. मधेच एक जण मान हलवतो आणि दुसरा हात काढून घेतो. दलाल दोघांना पुन्हा जवळ ओढतो आणि थोड्या वेळाने जोडीचा कासरा या हातातून त्या हातात जातो. सौदा किती रुपयांना झाला, हे भोवती उभ्या असलेल्या पन्नास माणसांपैकी कोणालाच कळत नाही.

ही लपवाछपवी उगाच नव्हती. तीन जोड्या घेऊन आलेल्या शेतकऱ्याची पहिली जोडी अडचणीपोटी स्वस्तात गेली आणि तो आकडा मोठ्याने बोलला गेला, तर उरलेल्या दोन जोड्यांची बोली तिथूनच सुरू होणार. वीस बैल घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याचा बेत फुटला, तर बाजारभर भाव चढणार. ज्याला मोठा व्यवहार करायचा आहे त्याला झाकून करावासा वाटतो, कारण त्याचा बेत उघड होणे हाच त्याचा खर्च असतो.

धान्याच्या बाजारात हीच रीत ‘हत्ता पद्धत’ म्हणून चालायची आणि तिथे तिचे दुसरे टोक दिसले. कोणत्या व्यापाऱ्याने किती बोटे दाबली हे फक्त अडत्याला ठाऊक असे. ज्याचे धान्य होते तो शेतकरी बाजूला उभा राहून अडत्याच्या तोंडाकडे पाहत असे. म्हणूनच बाजार समित्यांच्या कायद्याने, महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्याने, उघड लिलावावर भर दिला. उपरण्याचा फायदा कोणाला होतो, हे त्याखाली कोणाचे हात आहेत यावर ठरते.

शेअर बाजारातल्या दोन बदनाम गोष्टींकडे, अतिवेगवान यंत्रव्यापाराकडे आणि ‘डार्क पूल’ नावाच्या झाकलेल्या बाजारांकडे, मी याच नजरेने पाहतो. नगर जिल्ह्यातल्या माणसाने मोबाइलवरून पन्नास शेअर घेतले, तर या दोन्हींमुळे त्याचे खरोखर किती नुकसान होते, एवढ्याच प्रश्नाचा हिशेब या प्रकरणात मांडायचा आहे.

समजा, राहुरीतल्या एका शिक्षिकेने एका मोठ्या कंपनीचे ५० शेअर घ्यायचे ठरवले. भाव आहे ८०० रुपये, म्हणजे व्यवहार ४० हजारांचा. तिच्या अॅपमध्ये ‘मार्केट डेप्थ’ उघडले की दोन रांगा दिसतात. एका बाजूला विकत घेणारे: ७९९.९५ ला कोणी २०० मागतो आहे, ७९९.९० ला कोणी ५००. दुसऱ्या बाजूला विकणारे: ८०० ला १५० शेअर, ८००.०५ ला ३००. बाजाराचा नियम साधा आहे. ज्याचा भाव चांगला तो आधी, आणि भाव सारखाच असेल तर जो आधी आला तो आधी. हा दुसरा भागच सगळ्या शर्यतीचे मूळ आहे. रांगेत पुढे उभे राहण्याला किंमत आहे, मग पुढे पोहोचण्यासाठी लोक पैसे मोजणारच.

पैसे मोजतात म्हणजे काय करतात? मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे, यंत्रदालन आहे. तिथे बाजाराच्या स्वतःच्या सर्व्हरशेजारी दलाल कंपन्यांना जागा भाड्याने मिळते. याला ‘को-लोकेशन’ म्हणतात. आता अंतर मोजून पाहू. नगरहून मुंबई सुमारे २५० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे नगरचा निरोप, वाटेत कुठेही न थांबता गेला तरी सव्वा मिलिसेकंद घेईल. प्रत्यक्षात तो मोबाइलच्या टॉवरवरून, दलालाच्या सर्व्हरवरून, तिथल्या तपासण्यांमधून जातो आणि त्याला कितीतरी पट वेळ लागतो. तो आपण ५० मिलिसेकंद धरू. शेजारच्या खोलीतल्या यंत्राला बाजारातला बदल पाहून उत्तर द्यायला ५० मायक्रोसेकंद लागतात असे धरले, तर शिक्षिकेची ऑर्डर वाटेत असताना ते यंत्र हजार वेळा आपला विचार बदलू शकते.

हे ऐकले की पहिली शंका अशी येते की, मग ते यंत्र तिची ऑर्डर पाहून तिच्या आधी शेअर घेऊन तिलाच महाग विकत असेल. इथे थोडे थांबायला हवे. यंत्राला दिसते ते बाजाराने जाहीर केलेले. तिची ऑर्डर जोवर वाटेत आहे तोवर ती कोणाच्याच पडद्यावर नसते. ती पोहोचते त्याच क्षणी ८०० ला उभ्या असलेल्या १५० पैकी ५० शेअर तिला मिळतात आणि व्यवहार संपतो. तिच्या आणि त्या शेअरच्या मध्ये शिरायला फटच राहत नाही.

मग अमेरिकेतल्या त्या गाजलेल्या कहाण्या कुठून आल्या? मायकेल लुईस यांच्या २०१४ च्या ‘फ्लॅश बॉइज’ या पुस्तकाने जगाला जी गोष्ट सांगितली, ती मोठ्या ऑर्डरची आहे. तिथे दहाहून अधिक शेअर बाजार आहेत. एखाद्या पेन्शन फंडाला लाखभर शेअर घ्यायचे असले, तर ते एका बाजारात मिळत नाहीत. ऑर्डरचे तुकडे करून सगळीकडे पाठवावे लागतात आणि तुकडे सगळीकडे एकाच क्षणी पोहोचत नाहीत. पहिल्या बाजारात पहिला तुकडा लागला की यंत्राला अंदाज येतो, आणि दुसरा तुकडा पोहोचण्याआधी ते दुसऱ्या बाजारातला माल उचलते. यावर तोडगा म्हणून तिथे आयईएक्स नावाच्या बाजाराने सुमारे ६१ किलोमीटर लांबीचा तंतू गुंडाळून एका पेटीत ठेवला, म्हणजे येणारी प्रत्येक ऑर्डर ३५० मायक्रोसेकंद उशिराच आत येईल. आपल्याकडे मोठे बाजार दोनच. शिक्षिकेची ऑर्डर त्यातल्या एकाकडे, एका तुकड्यात जाते. ही कहाणी तिला लागू पडत नाही. तिचे पैसे ज्या म्युच्युअल फंडात आहेत त्याला मात्र तिचा काही भाग लागू पडतो. तिकडे मी पुढे येणार आहे.

आधी आपल्या मुंबईत घडलेले प्रकरण पाहू, कारण वेगाच्या शर्यतीत लबाडीला जागा नेमकी कुठे असते, हे त्यातून जितके स्वच्छ दिसते तितके कुठल्याच पुस्तकातून दिसत नाही.

एनएसईने को-लोकेशनची सोय २०१० च्या सुमारास सुरू केली. त्या खोलीत जागा घेतलेल्यांना बाजारातल्या प्रत्येक हालचालीची खबर, प्रत्येक नवी ऑर्डर, प्रत्येक रद्द झालेली ऑर्डर, लागलीच पाठवली जात असे. प्रश्न पाठवण्याच्या पद्धतीत होता. गावात निरोप पोहोचवण्याच्या दोन तऱ्हा असतात. पोस्टमन घरोघर जातो, तेव्हा पहिल्या घराला पत्र आधी मिळते आणि शेवटच्या घराला उशिरा. दवंडी पिटली, तर सगळ्यांना एकदमच ऐकू येते. एनएसईची २०१० ते २०१४ मधली व्यवस्था पोस्टमनची होती. सर्व्हर जोडलेल्या प्रत्येकाला एकापाठोपाठ एक खबर देत जाई, आणि क्रम ठरे तो सकाळी कोण आधी जोडला गेला यावर. जो सकाळी पहिला जोडला गेला, त्याला दिवसभर प्रत्येक खबर शेजाऱ्याच्या आधी मिळे.

मग सर्व्हर सकाळी नेमका केव्हा चालू होतो हे कळणे मोलाचे झाले. कोणत्या सर्व्हरवर गर्दी कमी आहे हे कळणेही तितकेच मोलाचे झाले. मुख्य सर्व्हर बंद पडला तर वापरायचा म्हणून एक राखीव सर्व्हर होता. त्याच्यावर जोडलेले थोडेच, म्हणजे पोस्टमनच्या वाटेवर घरे कमी. काही दलाल कोणत्याही अडचणीविना वारंवार त्या राखीव सर्व्हरला जोडले जात होते, असे पुढे सेबीच्या तपासात नोंदले गेले. ओपीजी सिक्युरिटीज हे त्यातले सर्वांत चर्चेत राहिलेले नाव. २०१४ मध्ये एनएसईने दवंडीची पद्धत आणली आणि ही फट बुजली.

हे बाहेर आले ते एका निनावी पत्रामुळे. २०१५ च्या सुरुवातीला सेबीला लिहिलेल्या या पत्राची प्रत पत्रकार सुचेता दलाल यांच्यापर्यंत पोहोचली आणि ‘मनीलाइफ’ने त्यावर लिहिले. एनएसईने त्यांच्यावर १०० कोटींचा बदनामीचा दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये मनाई हुकूम नाकारला आणि एनएसईलाच एकूण ५० लाख रुपये भरायला सांगितले. त्यातली थोडी रक्कम पत्रकारांना आणि बाकीची रुग्णालयांना द्यायची होती. बाजाराच्या कारभारावर प्रश्न विचारण्याचा हक्क त्या निकालाने राखला, म्हणून मला तो या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा दिवस वाटतो.

पुढचा प्रवास लांबलचक आहे. ३० एप्रिल २०१९ रोजी सेबीने एनएसईला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह परत करायला सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने ती रक्कम रद्द केली आणि पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल १०० कोटींचा दंड लावला. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने एनएसई आणि तिच्या माजी अधिकाऱ्यांवरचे संगनमताचे आरोप पुराव्याअभावी काढून टाकले. निष्काळजीपणा होता, कट सिद्ध झाला नाही.

पण आपला प्रश्न वेगळा आहे. शेजाऱ्याच्या आधी खबर मिळालेल्या दलालाने पैसे कोणाच्या खिशातून काढले? ८०० ला विकायला ठेवलेले शेअर मोठ्या खरेदीने संपले, आता खरा भाव ८०० रुपये १० पैसे आहे, ही खबर पहिल्याला आधी कळते. ८००.०५ ला कोणाचे तरी ३०० शेअर अजून तसेच उभे आहेत. तो भाव आता शिळा झाला आहे. पहिला ते उचलतो. ज्याचे गेले त्याचे ३०० शेअरमागे पंधरा रुपये गेले. हा शिळा भाव सहसा शिक्षिकेचा नसतो. तो असतो दिवसभर दोन्ही रांगांत उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या एका यंत्राचा, त्याच खोलीतल्या, पण पोस्टमनच्या वाटेवर मागे राहिलेल्या शेजाऱ्याचा. म्हणून नुकसानीचा पहिला घाव दुसऱ्या वेगवान व्यापाऱ्यावर पडतो. तो घाव सतत बसू लागला की मागे राहिलेला सावध होतो. आधी ८०० ला विकायला उभा राहणारा आता ८००.०५ च्या खाली येत नाही. घेण्याच्या आणि विकण्याच्या भावातले अंतर पाच पैशांनी रुंदावते, आणि तिथे तो खर्च शिक्षिकेपर्यंत झिरपतो.

किती झिरपतो, याचे एक चांगले मोजमाप झाले आहे, लंडनच्या बाजारातले. २०२० मध्ये आक्विलिना, बुडिश आणि ओनील या तिघांनी तिथल्या नियामकाच्या मदतीने केवळ पूर्ण झालेले व्यवहार तपासले नाहीत. शर्यतीत हरलेल्या, उशिरा पोहोचल्यामुळे वाया गेलेल्या ऑर्डरही तपासल्या. हरलेल्यांच्या नोंदी पाहिल्याशिवाय शर्यत दिसतच नाही, ही त्यांची कल्पना फार हुशारीची आहे. त्यांना आढळले की मोठ्या कंपनीच्या शेअरमध्ये जवळपास दर मिनिटाला एक शर्यत होते, ती काही मायक्रोसेकंदांत संपते, आणि या सगळ्या शर्यतींचा बोजा एकूण उलाढालीवर दहा हजारांमागे सुमारे ५० पैसे पडतो.

शिक्षिकेच्या ४० हजारांवर हे दोन रुपये होतात. आमच्या उदाहरणातल्या पाच पैशांच्या अंतराने मोजले तर ५० शेअरवर अडीच रुपये. त्याच खरेदीवर ०.१ टक्का दराने ४० रुपये रोखे व्यवहार कर आणि सहा रुपये मुद्रांक शुल्क ती भरते. यंत्रांपायी जाणारे हे दोन-अडीच रुपये वर्षातून दोन-चार वेळा द्यावे लागत असतील, तर तिच्या मुलीच्या शिक्षणाच्या पैशांना या यंत्रांपासून काही धोका नाही.

उलट बाजूही तेवढ्याच प्रामाणिकपणे सांगायला हवी. १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये एनएसईवर शेअरचे संगणकी व्यवहार सुरू झाले. त्यापूर्वी नगरच्या माणसाला मुंबईचा भाव कळायचा तो उपदलालाच्या तोंडून किंवा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून. दलाल स्ट्रीटच्या गोंगाटात आपला सौदा दिवसाच्या कोणत्या क्षणी, कोणत्या भावाला झाला, हे तपासायला साधन नव्हते. ते दिवसही उपरण्याचेच होते, आणि त्याखाली बोटे गुंतवणूकदाराची नव्हती. आज करारपत्रावर ऑर्डर कोणत्या सेकंदाला गेली आणि सौदा कोणत्या सेकंदाला झाला हे छापलेले असते, आणि सौद्याच्या क्रमांकावरून एनएसईच्या संकेतस्थळावर तो पडताळता येतो. दोन्ही रांगांत उभी असलेली यंत्रे नसती तर ८०० च्या शेअरमध्ये पाच पैशांचे अंतर दिसले नसते.

याची खात्री करायची असेल तर जिथे यंत्रे फिरकत नाहीत तिथे पाहावे. एखाद्या छोट्या, कमी उलाढालीच्या कंपनीची डेप्थ उघडा. घेणारा ६२.१० ला, विकणारा ६३ ला. ‘मार्केट ऑर्डर’ देऊन ६०० शेअर घेतले आणि त्याच क्षणी विकायला गेलात, तर ५४० रुपये गेले. हे नुकसान वेगाने केलेले नाही. बाजार ओसाड असल्याने झाले आहे. अशा शेअरमध्ये भाव लिहून ‘लिमिट ऑर्डर’ द्यावी, ही साधी सवय कोणत्याही मायक्रोसेकंदापेक्षा जास्त पैसे वाचवते.

आता उपरण्याकडे परत येऊ. डार्क पूल म्हणजे असा बाजार, जिथे रांगा कोणालाच दिसत नाहीत. ऑर्डर आत जाते, समोरची ऑर्डर जुळली तर सौदा होतो आणि झाल्यानंतरच जाहीर होतो. अमेरिकेत असे बाजार बँका आणि दलाल कंपन्या चालवतात. भारतात सेबीने त्यांना परवानगी दिलेली नाही. पण मोठ्या ऑर्डरची गरज आपल्याकडेही आहेच. एका म्युच्युअल फंडाला पाच लाख शेअर विकायचे असतील, तर ती ऑर्डर उघड्या रांगेत ठेवताच घेणारे मागे सरतील. म्हणून आपल्याकडे दोन सोयी आहेत. पहिली तुमच्या अॅपमध्येही असते, ‘डिस्क्लोज्ड क्वांटिटी’: ऑर्डरचा किमान दहावा भाग दाखवायचा, बाकीचा झाकून ठेवायचा. दुसरी म्हणजे ब्लॉक डीलची खिडकी, सकाळी बाजार उघडण्यापूर्वी आणि दुपारी, ठरावीक पंधरा-पंधरा मिनिटांची. तिथे किमान रक्कम अनेक वर्षे १० कोटी होती. ऑक्टोबर २०२५ च्या परिपत्रकाने सेबीने ती २५ कोटींवर नेली आणि भाव संदर्भ भावापासून तीन टक्क्यांच्या आत असावा असे ठरवले. कोणी कोणाला काय विकले हे त्याच दिवशी जाहीर होते. मला हा तोडगा पटतो. उपरणे आहे, पण ते चावडीवर, ठरलेल्या वेळी, पंचांसमोर पसरलेले आहे.

उपरणे दलालाच्या घरात असले की काय होते, हे बार्कलेज बँकेच्या प्रकरणात दिसले. तिने आपल्या ‘एलएक्स’ नावाच्या डार्क पूलमध्ये येणाऱ्या मोठ्या ग्राहकांना सांगितले होते की आत कोण येते यावर आमची नजर आहे आणि झडप घालणाऱ्या वेगवान व्यापाऱ्यांपासून तुम्हाला आम्ही जपतो. अमेरिकेचा नियामक आणि न्यूयॉर्कचा महाधिवक्ता यांनी दाखवून दिले की ती नजर सांगितली तशी ठेवली जात नव्हती. जानेवारी २०१६ मध्ये बार्कलेजने ७ कोटी डॉलर भरले आणि चूक कबूल केली. त्याच दिवशी क्रेडिट स्विसनेही आपल्या झाकलेल्या बाजारांबद्दल ८.४३ कोटी डॉलर भरले. इथे नुकसान सामान्य माणसाचेच आहे, फक्त ते त्याच्या खात्यावर दिसत नाही. पेन्शन फंडाने शेअर थोडे महाग घेतले आणि तीस वर्षांनी एखाद्या कामगाराचे निवृत्तिवेतन किंचित कमी आले, असे ते असते. हत्ता पद्धतीतल्या अडत्याने नेमके हेच केले होते.

इथवरचा हिशेब शेअर घेऊन ठेवणाऱ्यांचा झाला. पण बाजारात आणखी एक मोठी गर्दी आहे आणि तिचा हिशेब अगदी वेगळा येतो. सप्टेंबर २०२४ च्या सेबीच्या अहवालात म्हटले आहे की मार्च २०२४ पर्यंतच्या तीन वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी, माणशी सुमारे दोन लाख. यातले तीन-चतुर्थांश लोक वार्षिक उत्पन्न पाच लाखांखाली सांगणारे. बहुसंख्य देशातल्या पहिल्या ३० शहरांच्या बाहेरचे, म्हणजे आपल्या नगर-श्रीरामपूरसारख्या गावांतले.

या अहवालातली एक तुलना मला अस्वस्थ करते. २०२३-२४ या एका वर्षात स्वतःच्या पैशांनी व्यवहार करणाऱ्या संस्थांचा नफा ३३ हजार कोटी, परदेशी गुंतवणूकदार संस्थांचा २८ हजार कोटी. दोन्ही मिळून ६१ हजार कोटी. आणि व्यक्ती व इतरांचा तोटा ६१ हजार कोटींहून अधिक, खर्च धरण्याआधीच. ऑप्शन्सच्या खेळात एकाने मिळवले ते दुसऱ्याने घालवलेलेच असते. परदेशी संस्थांच्या त्या नफ्यातला ९७ टक्के आणि इथल्या संस्थांचा ९६ टक्के भाग यंत्रांनी केलेल्या व्यवहारांतून आला. यंत्राने केलेला प्रत्येक व्यवहार अतिवेगवान नसतो. तरीही समोर कोण बसले आहे, हे या आकड्यांवरून कळते.

समोरच्याने काय केले असे सेबी म्हणते, त्याचा एक दिवस नीट पाहू. १७ जानेवारी २०२४, बुधवार. बँक निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शन्सची मुदत त्याच दुपारी संपणार होती. आदल्या दिवशी एचडीएफसी बँकेचे निकाल आले होते आणि सकाळी निर्देशांक खूप खाली उघडला. सेबीच्या ३ जुलै २०२५ च्या अंतरिम आदेशानुसार, जेन स्ट्रीट या अमेरिकी समूहाच्या कंपन्यांनी सकाळी साडेअकरा उलटून जाईपर्यंत बँक निफ्टीतल्या बँकांचे शेअर आणि फ्यूचर्स ४,३७० कोटी रुपयांचे घेतले. एवढ्या खरेदीने निर्देशांक सावरताना दिसला. तेजीवर पैज लावणारे ‘कॉल’ महाग झाले, मंदीवरचे ‘पुट’ स्वस्त झाले. त्याच वेळी या कंपन्या महाग कॉल विकत आणि स्वस्त पुट घेत होत्या. ऑप्शन्समधली ही पैज शेअर-फ्यूचर्सच्या खरेदीच्या ७.३ पट मोठी होती, आणि ती उलट्या दिशेने, म्हणजे निर्देशांक पडण्यावर. दुपारी त्यांनी सकाळची खरेदी विकून टाकली आणि निर्देशांक खाली गेला. शेअर-फ्यूचर्समध्ये ६१.६ कोटींचा तोटा, ऑप्शन्समध्ये ७३४.९३ कोटींचा नफा.

कंपनीने हे आरोप नाकारले आहेत. आपण दोन बाजारांतल्या भावांतली तफावत साधत होतो, असे तिचे म्हणणे आहे. सेबीने सांगितलेले ४,८४३.५७ कोटी रुपये तिने जमा केले आणि अपीलही केले. आदेश अंतरिम आहे, दोष अजून सिद्ध व्हायचा आहे. पण त्या दिवसाची रचना समजून घ्यायला निकालाची गरज नाही. त्या दिवशी बँक निफ्टीच्या ऑप्शन्सची उलाढाल त्यातल्या शेअरच्या उलाढालीच्या ३५३ पट होती, असे सेबीने नोंदवले आहे. विहिरीचे तोंड अरुंद आणि तिच्यावर पैजा लावणाऱ्यांचा जमाव तिच्या शेकडो पट. अशा वेळी विहिरीत चार घागरी ओतून पाणी वर आणणे पैसेवाल्याला परवडते, कारण कमाई पैजेत असते.

यात मायक्रोसेकंदाचा वाटा किती? फार थोडा. सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन हा वेळ माणसाच्या घड्याळाचाच आहे. इथे काम केले ते रकमेने, आणि मुदत संपण्याच्या दिवशी लाखो लोक एका अरुंद बाजारावर पैज लावून बसलेले असण्याने. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने प्रत्येक बाजाराला आठवड्याला एकाच निर्देशांकाची मुदत ठेवायला सांगितली आणि कराराची किमान रक्कम १५ लाखांवर नेली. तो निर्णय वेगाशी संबंधित नव्हता, गर्दीशी होता, आणि तो योग्य ठिकाणी घातलेला घाव होता असे मला वाटते. तरीही त्याच आर्थिक वर्षात, २०२४-२५ मध्ये, ९१ टक्के व्यक्ती तोट्यातच राहिल्या आणि तोटा १,०५,६०३ कोटींवर गेला.

यंत्राशी किंवा पैजेशी संबंध नसलेले नुकसानही असते. २०२४ मध्येच आमच्या जिल्ह्यातल्या शेवगाव तालुक्यात शेअर बाजारातून दरमहा मोठा परतावा देतो म्हणून लोकांच्या ठेवी गोळा करणारे कार्यालयांना कुलपे लावून पसार झाले. गुन्हे दाखल झाले. ठेवी ठेवणाऱ्यांत शेतकरी होते, जमीन विकून पैसे आणलेले लोक होते. त्यांच्यातल्या बहुतेकांकडे स्वतःच्या नावाचे डिमॅट खाते आहे का, स्वतःच्या नावाचे करारपत्र आहे का, हे कोणी विचारले नव्हते. त्या करारपत्रावर सौद्याची सेकंदापर्यंतची वेळ छापलेली असते. त्यांच्या हातात होती ती स्टॅम्पपेपरवरची एक नोटरी आणि पुढच्या तारखेचा चेक.